सकाळचं कॉर्टिसोल २१.६ आलं, म्हणजे हिप्पोकॅम्पस आक्रसतोय का?

प्रश्न: वय ३६, हिंजवडीत आयटीत आहे. दीड वर्ष झालं, अमेरिकेच्या टीमसोबत रात्री एक-दीडपर्यंत कॉल असतात. पीसीओएससाठी हॉर्मोनच्या गोळ्या आणि मेटफॉर्मिन चालू आहे. हल्ली खूप विसरायला होतं, मीटिंगमध्ये काय ठरलं ते आठवत नाही, गॅस बंद केला का ते परत जाऊन बघते. हेल्थ पॅकेजमध्ये सकाळी ८ चं कॉर्टिसोल २१.६ आलं, समोर 'हाय' लिहिलंय. कॉर्टिसोलमुळे हिप्पोकॅम्पस आक्रसतो असं वाचलं. माझं तसं झालं असेल का? मेंदूचा एमआरआय करून घेऊ का?

उत्तर: कॉर्टिसोल बरेच महिने जास्त राहिलं तर हिप्पोकॅम्पस आक्रसतो हे खरं आहे, आणि त्याने स्मरणशक्तीवर परिणाम होतो हेही खरं आहे. पण तुमच्या या एका आकड्यावरून तुमचं तसं झालंय असं अजिबात म्हणता येत नाही, आणि एमआरआय करून ते कळणारही नाही. मी पुण्यात एंडोक्रायनॉलॉजी करते, म्हणजे हॉर्मोनचे आजार, आणि असे 'हाय' लिहिलेले कॉर्टिसोलचे रिपोर्ट घेऊन घाबरलेली माणसं आता दर आठवड्याला येतात, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी एका पेशंटबद्दल सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. ४१ वर्षांच्या बाई, पेठेतल्या एका पतसंस्थेत नोकरी, पिग्मीचा रोजचा हिशोब बघायच्या. त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं ते वजन, बीपी आणि नव्याने निघालेली शुगर यासाठी, स्मरणशक्तीचा विषय त्यांनी काढलाच नव्हता, तो त्यांच्या मिस्टरांनी काढला. म्हणाले, दहा वर्षांपूर्वीच्या खातेदाराचा नंबर ही तोंडपाठ सांगते पण सकाळी कोण पैसे भरून गेलं ते दुपारी विचारलं तर हिला माहीत नसतं, आणि नुसतं विसरत नाही, तो माणूस आलाच नव्हता म्हणून वाद घालते. मग मी एकेक विचारत गेले तेव्हा बाकीचं बाहेर आलं. मंगळागौरीला खाली बसल्या तर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येईना, बांगड्या भरताना मनगट निळं पडलं आणि ते पंधरा दिवस तसंच राहिलं, पोटावर जांभळे रुंद पट्टे आले होते ते त्यांना वजन वाढल्यामुळे आले असं वाटत होतं. चेहरा गोल आणि लालसर. हे सगळं एकत्र दिसलं की आम्हाला कुशिंग सिंड्रोमची शंका येते, म्हणजे शरीर स्वतःच गरजेपेक्षा खूप जास्त कॉर्टिसोल बनवतंय. हार्वे कुशिंग या अमेरिकन न्यूरोसर्जनने १९३२ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं म्हणून ते नाव.

आता तुमच्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट. त्या बाईंचं सकाळी ८ चं कॉर्टिसोल २१ होतं. म्हणजे जवळपास तुमच्याएवढंच. त्यांना खरा आजार होता, मेंदूवर परिणाम होण्याइतका, आणि तरीही सकाळच्या रिपोर्टमध्ये तुमच्यात आणि त्यांच्यात फरक दिसला नसता. फरक दिसला तो रात्री. आम्ही त्यांना ॲडमिट करून, झोपेत असताना, आधीच लावून ठेवलेल्या सलाईनच्या सुईतून रात्री १२ ला रक्त घेतलं तेव्हा कॉर्टिसोल १७ होतं. निरोगी माणसाचं त्या वेळी झोपेत साधारण २ च्या खाली असतं.

हे का, ते समजायला ही साखळी कशी चालते ते बघावं लागेल. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे, तिथून सीआरएच नावाचा संदेश खाली पिट्युटरी ग्रंथीला जातो, पिट्युटरी रक्तात एसीटीएच सोडते, ते किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतं आणि त्यांच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसोल बाहेर पडतं. हीच एचपीए ॲक्सिस. मग ते कॉर्टिसोल रक्तातून फिरून परत मेंदूत येतं आणि वरच्या दोन्ही जागांना सांगतं की आता पुरे, गच्चीवरच्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर आलं की आपोआप बंद करणारा, तसं. दिवसभरात ही पातळी सारखी नसते. पहाटे चढायला लागते, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर जाते, मग उतरत उतरत मध्यरात्रीच्या आसपास तळाला येते. म्हणजे सकाळी ८ ची टेस्ट ही बरोबर त्या वेळी घेतलेली आहे जेव्हा प्रत्येकाचंच कॉर्टिसोल जास्त असतं. सकाळची टेस्ट आम्ही करतो, पण ती मुख्यतः कॉर्टिसोल कमी पडतंय का हे शोधायला. जास्त आहे का हे शोधायला ती निरुपयोगी आहे आणि ती पॅकेजमध्ये का घालतात हे मला आजवर समजलेलं नाही, माणसाला फुकटचा घोर लागतो त्याने.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, तुमच्या गोळ्या. रक्तातलं ९० टक्क्यांहून जास्त कॉर्टिसोल प्रथिनांना चिकटून फिरत असतं, मुख्य म्हणजे सीबीजी नावाच्या प्रथिनाला. चिकटलेलं कॉर्टिसोल पेशीत शिरत नाही, मोकळं असतं तेवढंच काम करतं. पीसीओएसला ज्या हॉर्मोनच्या गोळ्या देतात त्यात बहुतेक वेळा इस्ट्रोजेन असतं, आणि इस्ट्रोजेनमुळे लिव्हर हे सीबीजी जास्त बनवतं. प्रथिन वाढलं की त्याला चिकटलेलं कॉर्टिसोल वाढतं, लॅब दोन्ही मिळून एकूण आकडा देते, तो वर जातो, पण मोकळं कॉर्टिसोल आहे तेवढंच राहतं. इस्ट्रोजेनच्या गोळीवर असलेल्या बाईचं सकाळचं एकूण कॉर्टिसोल २५-३० आलं तरी मला त्यात आश्चर्य वाटत नाही. तेव्हा तुमचं २१.६ मला तरी अगदी साधं वाटतं.

आता हिप्पोकॅम्पसकडे येते. कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक, मेंदूत खोलवर असलेला हा भाग. आज काय घडलं, कोण भेटलं, काय ठरलं, हे नवीन नोंदवून घेण्याचं काम याच्याकडे. जुन्या पक्क्या आठवणी पुढे बऱ्याच अंशी इतर भागांत पसरून बसतात, म्हणूनच त्या बाईंना दहा वर्षांपूर्वीचा खातेनंबर येत होता आणि सकाळचा माणूस नाही.

कॉर्टिसोलचा आणि या भागाचा संबंध कळला तोच थोडा अनपेक्षितपणे. १९६८ मध्ये ब्रूस मॅकइवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना किरणोत्सर्गी खूण लावलेलं कॉर्टिकोस्टेरॉन टोचलं, उंदरांमध्ये कॉर्टिसोलच्या जागी हेच हॉर्मोन असतं, आणि ते मेंदूत कुठे जाऊन साठतं ते बघितलं. तोपर्यंत सगळं लक्ष हायपोथॅलॅमसकडे होतं, पण ते सगळ्यात जास्त साठलं हिप्पोकॅम्पसमध्ये. म्हणजे तिथे हे हॉर्मोन पकडणारे रिसेप्टर भरपूर आहेत. पुढे १९८५ मध्ये हॉलंडच्या रुल आणि डी क्लोएट यांनी दाखवलं की हे रिसेप्टर दोन प्रकारचे आहेत. एक, एमआर, हा हॉर्मोनला खूप घट्ट धरतो, त्यामुळे रात्रीच्या कमी पातळीतही तो जवळपास भरलेला असतो. दुसरा, जीआर, याची पकड साधारण दहापट कमी, त्यामुळे तो भरतो फक्त सकाळच्या चढत्या पातळीत किंवा ताण आल्यावर, आणि रात्री पातळी उतरली की रिकामा होतो.

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. दिवसा एखाद्या मीटिंगच्या आधी कॉर्टिसोल चढलं, जीआर भरले, तासाभरात उतरलं, रिकामे झाले, यात काही बिघडत नाही, उलट त्या प्रसंगाची आठवण पक्की व्हायला त्याची मदतच होते. बिघडतं केव्हा, तर जेव्हा रात्रीचा उतार येतच नाही आणि जीआर चोवीस तास, महिनोन्महिने भरलेले राहतात. कुशिंगमध्ये नेमकं हेच होतं.

मग आक्रसतं म्हणजे नक्की काय होतं? इथे खूप गैरसमज आहे, लोकांना वाटतं पेशी मरतात. सुरुवातीला शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. १९८५-८६ च्या सुमारास रॉबर्ट सापोल्स्की यांनी उंदरांवर काम करून मांडलं की हे हॉर्मोन फार काळ जास्त राहिलं तर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी कमी होतात, आणि हिप्पोकॅम्पस स्वतः या साखळीला ब्रेक लावणाऱ्यांपैकी असल्यामुळे ब्रेक ढिला पडून हॉर्मोन आणखी वाढतं, असं दुष्टचक्र. पण १९९० मध्ये मॅकइवन यांच्याच लॅबमध्ये उंदरांना २१ दिवस रोज कॉर्टिकोस्टेरॉन दिलं आणि मग पेशी एकेक करून मायक्रोस्कोपखाली बघितल्या तेव्हा असं दिसलं की सीए३ नावाच्या पट्ट्यातल्या पेशी जिवंतच आहेत, पण त्यांच्या वरच्या फांद्या, म्हणजे डेंड्राइट, आखूड झाल्यात आणि कमी जागी फुटल्यात. इतर पेशींकडून येणारे संदेश याच फांद्यांवर उतरतात, त्यामुळे फांदी आखूड झाली की जोडण्या कमी. नंतर माणसांमध्ये, जे बराच काळ स्टेरॉइडवर होते किंवा ज्यांना डिप्रेशन होतं अशांचे मृत्यूनंतर मेंदू तपासले, त्यातही मोठ्या प्रमाणावर पेशी मेलेल्या सापडल्या नाहीत. याशिवाय उंदरांमध्ये हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट गायरस भागात मोठेपणीही नवीन पेशी तयार होत असतात, ते कामही जास्त हॉर्मोनमध्ये मंदावतं.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. पेशी मेली तर गेली, पण फांदी आखूड झाली असेल तर हॉर्मोन खाली आल्यावर ती परत वाढू शकते. आणि माणसांमध्ये हे खरंच बघितलं गेलंय. मिशिगनमध्ये मोनिका स्टार्कमन यांनी १९९२ मध्ये कुशिंगच्या १२ पेशंटचे एमआरआय करून हिप्पोकॅम्पस मोजला, तर ज्यांचा हिप्पोकॅम्पस लहान त्यांना शब्द लक्षात ठेवायच्या चाचण्यांत मार्क कमी आणि त्यांचं कॉर्टिसोल जास्त असा संबंध दिसला. १९९९ मध्ये त्यांनी २२ पेशंटचे ऑपरेशनच्या आधी आणि नंतर एमआरआय केले. कॉर्टिसोल नॉर्मलला आल्यावर हिप्पोकॅम्पसचं आकारमान सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास वाढलं, काहींमध्ये १० टक्क्यांपर्यंत. मोठ्या माणसाच्या मेंदूचा एखादा भाग उपचाराने परत वाढला हे त्या काळी पचायला जड होतं, मला तर अजूनही ही आमच्या क्षेत्रातली फार मोठी गोष्ट वाटते.

आमच्या त्या बाईंचं पुढे काय झालं ते सांगते. सकाळच्या टेस्टवर आम्ही विसंबलो नाही. रात्री ११ ला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला रक्त घेतलं. डेक्सामेथासोन हे बाहेरून दिलेलं स्टेरॉइड, कॉर्टिसोलच्या टेस्टमध्ये ते मोजलं जात नाही, पण पिट्युटरीला वाटतं की भरपूर आहे आणि निरोगी माणसात ती एसीटीएच थांबवते, सकाळचं कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली जातं. त्यांचं आलं १३.४. म्हणजे साखळी ऐकतच नव्हती. लघवीतलं २४ तासांचं कॉर्टिसोलही दोन्ही वेळा वरच्या मर्यादेच्या चौपट. मग एसीटीएच केलं, ते वाढलेलं, म्हणजे दोष ॲड्रिनलमध्ये नसून वरून हुकूम येतोय, आणि पिट्युटरीच्या एमआरआयमध्ये ११ मिलिमीटरची गाठ दिसली.

ऑपरेशनच्या आधी आमच्या सायकॉलॉजिस्टने त्यांची शब्दांची चाचणी घेतली. साधी असते, पडदा, घंटा, शाळा असे १५ शब्द वाचून दाखवायचे, आठवतील तेवढे सांगायचे, असं पाच वेळा, मग मध्ये दुसरं काहीतरी करायचं आणि अर्ध्या तासाने न वाचता परत विचारायचं. पाचव्या फेरीला त्या ९ वर पोचल्या, अर्ध्या तासाने उरले ३. त्यानंतरची पायरी जास्त बोलकी असते, त्यात ते शब्द इतर नवीन शब्दांत मिसळून वाचतात आणि यादीत होता का एवढंच विचारतात. विसरलेला माणूस इथे पटकन ओळखतो, हो हो, घंटा होता. त्या ओळखू शकल्या नाहीत, उलट यादीत नसलेले शब्द होते म्हणून सांगत होत्या. म्हणजे आठवत नव्हतं असं नाही, नोंदच झाली नव्हती. मिस्टर सांगत होते तो वाद याच प्रकारातला.

नाकातून दुर्बिणीने गाठ काढली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॉर्टिसोल २ च्या खाली गेलं, आमच्यासाठी ही आनंदाची बातमी असते कारण गाठ पूर्ण निघाली की बाकीची पिट्युटरी, जी इतकी वर्षं दबून झोपलेली असते, तिला जागं व्हायला वेळ लागतो. पण पेशंटसाठी हा काळ फार वाईट. अंगदुखी, थकवा, उदास वाटणं, बाहेरून हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या देऊनही शरीराला ते कमीच वाटतं. त्या बाई तीन महिन्यांनी मला म्हणाल्या की मॅडम, आजारी होते तेव्हा बरी होते. स्मरणशक्तीही लगेच सुधारत नाही, हे मी नातेवाइकांना आधीच सांगून ठेवते, नाहीतर ऑपरेशन फसलं असं वाटतं. साधारण वर्षभराने त्यांच्या गोळ्या बंद झाल्या, तेव्हा परत चाचणी घेतली तर पाचव्या फेरीला १२ आणि अर्ध्या तासाने ९. नोकरीवर परत गेल्या. पण अजूनही दोन काउंटर एकदम सांभाळायचे म्हटले की गोंधळ होतो असं सांगतात, आणि ते खरं असणार, कारण कुशिंगमधून बरे होऊन बरीच वर्षं झालेल्या लोकांतही चाचण्यांत थोडी उणीव राहिलेली दिसते. सगळं भरून येतं असं मी कुणाला सांगत नाही.

आता तुमचा ताण. कुशिंगमध्ये जे होतं ते ऑफिसच्या ताणाने होतं का? इथे मी सावध आहे, कारण ऑनलाइन जे लिहितात ते बहुतेक वेळा कुशिंगचे आणि उंदरांचे निष्कर्ष उचलून सरळ नोकरदार माणसाला चिकटवलेले असतात. ताणाखालच्या माणसाचं कॉर्टिसोल चढतं पण दिवसाच्या लयीत राहून, रात्री ते उतरतंच, थोडं उशिरा किंवा थोडं कमी उतरेल एवढंच. जास्त कॉर्टिसोल आणि लहान हिप्पोकॅम्पस यांचा संबंध निरोगी माणसांत दिसला तो म्हाताऱ्यांमध्ये, कॅनडात सोनिया ल्युपियन यांनी १९९८ मध्ये दाखवला, ज्यांचं कॉर्टिसोल वर्षानुवर्षं चढत गेलं होतं त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा साधारण १४ टक्के लहान होता. पण असा संबंध दिसला म्हणून कारण सिद्ध होत नाही. २००२ मध्ये गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचे आणि त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावांचे एमआरआय केले. ज्या सैनिकांना युद्धानंतर तीव्र पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवाचा मनावर दीर्घकाळ राहणारा आघात, झाला त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, पण जे भाऊ युद्धावर गेलेच नव्हते त्यांचाही लहान निघाला. म्हणजे निदान काही माणसांत लहान हिप्पोकॅम्पस आधीपासूनच असतो आणि ताण अशांना जास्त लागतो. कुशिंगमध्ये ऑपरेशन आधी-नंतर मोजलंय म्हणून तिथला पुरावा पक्का, ऑफिसच्या ताणाबद्दल तसा पुरावा नाही.

पण मग ताणात विसरायला होतं ते खोटं का? नाही, खरं आहे, फक्त त्याला आक्रसण्याची गरज नसते. १९९९ मध्ये जॉन न्यूकमर यांनी निरोगी माणसांना चार दिवस हायड्रोकॉर्टिसोन दिलं, काहींना रोज ४० मिलिग्रॅम, काहींना १६० मिलिग्रॅम. १६० वाल्यांची ऐकलेल्या गोष्टी लक्षात ठेवायची क्षमता चौथ्या दिवशी घसरली, ४० वाल्यांची नाही, आणि औषध थांबवल्यावर सहा दिवसांनी घसरलेले परत नॉर्मलला आले. चार दिवसांत झालेली आणि सहा दिवसांत गेलेली ही घसरण म्हणजे तेवढ्यापुरता कामात आलेला अडथळा. शिवाय डोस बघा, १६० म्हणजे मोठ्या ऑपरेशनच्या किंवा गंभीर आजाराच्या वेळी शरीर जे बनवतं त्या पातळीचं. रोजची डेडलाइन त्याच्या आसपासही जात नाही.

तुम्ही जी उदाहरणं दिलीत ती मला नोंद न होण्याच्या जातीची वाटतात, पण हिप्पोकॅम्पसच्या दोषामुळे नाही, लक्षच नसल्यामुळे. गॅस बंद करताना डोक्यात कॉल चालू असेल तर ती कृती हिप्पोकॅम्पसपर्यंत पोचतच नाही. घरी एक करून बघा. मीटिंगमध्ये काय ठरलं ते आठवत नसेल तर सहकाऱ्याला एक इशारा द्यायला सांगा, अरे ते रिलीजची तारीख पुढे ढकलायचं, आणि बघा की बाकीचं धडाधड आठवतं का. आठवत असेल तर नोंद आहे, फक्त बाहेर काढायला त्रास होतोय, आणि हे झोप कमी असलेल्या, थकलेल्या माणसात सर्रास दिसतं. इशारा देऊनही ती चर्चा झालीच नव्हती असं तुम्हाला ठामपणे वाटत असेल, आणि हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर मात्र चाचणी घेण्यासारखी गोष्ट आहे.

एमआरआय का नको तेही सांगते. हिप्पोकॅम्पस एका बाजूचा साधारण ३ ते ४ मिलिलीटर, आणि निरोगी माणसांतच एकाचा दुसऱ्यापेक्षा बराच लहान-मोठा असतो. तुमचा लहान निघाला तर तो जन्मापासून तसा आहे की आता झालाय हे एका स्कॅनमध्ये कळायला मार्ग नाही. स्टार्कमन यांना दिसलेला ३ टक्क्यांचा बदल म्हणजे सुमारे ०.१ मिलिलीटर, तो त्यांना दिसला कारण त्याच माणसाचे दोन स्कॅन त्यांनी काटेकोर मोजले आणि अनेकांची सरासरी काढली. नेहमीच्या रिपोर्टमध्ये रेडिओलॉजिस्ट हे मोजतही नाही, डोळ्याने बघून नॉर्मल लिहितो. पैसे जातील आणि हातात काही येणार नाही.

एक मात्र आजच तपासा, बाहेरून स्टेरॉइड जातंय का. आपल्याकडे कुशिंगचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण पिट्युटरीची गाठ नाही, बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड आहे. सांधेदुखीसाठी कुणीतरी दिलेली नाव नसलेली पुडी, दम्यासाठी किंवा वजन वाढवायला दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या बारीक गोळ्या, चेहरा गोरा करायचं क्रीम महिनोन्महिने. यात डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असेल तर गंमत अशी होते की माणूस कुशिंगसारखा दिसतो पण कॉर्टिसोलचा रिपोर्ट अगदी कमी येतो, कारण टेस्ट त्यांना मोजत नाही आणि स्वतःचं कॉर्टिसोल दबलेलं असतं. असं काही घेत असाल तर ते एकदम बंद करू नका, दबलेल्या ॲड्रिनल लगेच उठत नाहीत आणि ताप-उलट्यांच्या एखाद्या आजारात बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावं लागतं.

आता कुशिंगची टेस्ट तुम्हाला लागेल का? वजन जास्त, पीसीओएस, चेहऱ्यावर केस, एवढ्यावरून मी करणार नाही, हे दोन्हीकडे सापडतं. पण बोटाच्या रुंदीचे जांभळे पट्टे, कारण नसताना काळेनिळे डाग, जमिनीवरून किंवा खुर्चीतून उठायला होणारा त्रास, या वयात बीपी आणि शुगर दोन्ही नव्याने, यातलं काही असेल तर करणार. आणि केलीच तर तुमच्या बाबतीत टेस्ट निवडताना जपावं लागेल. डेक्सामेथासोनची टेस्ट त्याच सीबीजीमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, ती करायची तर इस्ट्रोजेनची गोळी साधारण सहा आठवडे आधी थांबवावी लागते, तेही तुमच्या गायनॅकना विचारून. रात्रीच्या लाळेतलं कॉर्टिसोल मोकळं कॉर्टिसोल मोजतं म्हणून गोळीचा अडथळा कमी, पण तुम्ही दीडला झोपता, तुमची लय पुढे सरकलेली असणार, अकराला थुंकी दिली तर तेव्हा तुमचं उतरलेलंच नसेल. तुमच्यासाठी सगळ्यात सोपं २४ तासांचं लघवीतलं कॉर्टिसोल. त्यात गोळीचा त्रास नाही आणि झोपेची वेळ सरकली तरी पूर्ण दिवस मोजला जातो. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून पुढची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली धरून, एकदाही सुटली तर आकडा कमी येतो. त्या दिवशी उगाच पाच लीटर पाणी प्यायचं नाही. आणि निदान दोन वेळा करायची, एकावर निर्णय नाही.

या सगळ्याच्या आधी मी तुम्हाला बी१२ आणि थायरॉइडची टीएसएच टेस्ट करायला सांगेन. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ कमी होतं, त्यात शाकाहारी असाल तर आणखीनच, आणि बी१२ कमी असलं की विसरणं, मुंग्या, थकवा हे सगळं येतं आणि इंजेक्शन किंवा गोळ्यांनी सुधारतं. पुण्यात माझ्याकडे कॉर्टिसोलचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांमध्ये शेवटी बी१२ सापडतं असं बऱ्याचदा होतं. घोरता का आणि दुपारी डोळे मिटतात का हेही घरच्यांना विचारा, पीसीओएसमध्ये झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण जास्त असतं. मेटफॉर्मिन किती वर्षं आणि किती डोस चालू आहे, गोळीचं नाव काय आणि त्यात इस्ट्रोजेन आहे का, हे इथे लिहा, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.